मावशीच्या वाटणीच्या ओळी

माझा काका नाटक लिहितो, बसवतो आणि त्यात मुख्य भूमिकाही स्वतःच करतो. काळाचौकीच्या आमच्या मंडळात गणपतीत नाटक व्हायचं म्हणजे काकाचंच. दुसऱ्या कुणी लिहिलं तर काका मांडवात येऊन पहिल्या रांगेत बसतो आणि मोठ्याने जांभया देतो, म्हणून कुणी त्या भानगडीत पडत नाही.

गेल्या वर्षी नाटक होतं चाळ सोडून टॉवरमध्ये जाणाऱ्या कुटुंबाचं. अण्णा म्हणजे काका. सून आणि मुलगा चाळीतलीच कॉलेजातली पोरं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काका, आम्हाला मराठी इंग्लिशमध्ये लिहून द्या ना, फास्ट वाचता येतं." काकाने कपाळावर हात मारला, पण पोरं टिकवायची होती. त्याने अख्खं नाटक रोमन अक्षरांत फोनवर टाइप करून मला पाठवलं. मी लोअर परळच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते, त्यामुळे घरात कॉम्प्युटरशी संबंधित जे काही बिघडतं ते माझ्या गळ्यात येतं.

नाटक उघडलं तर सगळं कॅपिटल अक्षरांत. काकाने एकदा कॅपिटलचं बटण दाबून ठेवलं ते शेवटपर्यंत. शिवाय बोलताना जिथे त्याला दम लागतो तिथे त्याने एंटर मारलेला. एकेक संवाद चार-चार ओळींत सांडलेला. पहिल्या तालमीला मी ते तसंच प्रिंट काढून दिलं आणि पोरांनी पहिल्या वाक्यापासून ओरडायला सुरुवात केली. "ANNA, CHAHA THANDA HOTOY!" सून अशी किंचाळली की समोरच्या खोलीतले लोक बघायला आले. कॅपिटल म्हणजे ओरडायचं, हे त्या पोरांना चॅटिंगने शिकवलेलं. काका म्हणाला, "आवाज चांगला आहे हो पोरीचा."

घरी येऊन मी फाइल माझ्या नेहमीच्या एडिटरमध्ये टाकली. सगळं सिलेक्ट केलं आणि सगळी अक्षरं लहान करायची कमांड दिली. एका क्षणात अख्ख्या कुटुंबाचा आवाज खाली आला. मग सांडलेले संवाद सांधायचे. ओळी जोडायची कमांड आहेच, पण उत्साहाच्या भरात मी सगळं नाटकच सिलेक्ट करून ती दिली. दोन अंकी नाटकाची एकच ओळ झाली, सासरे-सुना-मुलं सगळी एकाच श्वासात. अनडू केलं आणि मुकाट्याने एकेक संवाद वेगळा निवडून जोडत बसले. घाई करणाऱ्याला कमांड धडा शिकवते, असं मी स्वतःच्या पुस्तकात कधीच लिहिलेलं नाही.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. नाटकातली मावशी म्हणजे माझी आत्या, काकाची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मिल बंद पडल्यावर पापड-मसाले करून तिने या भावाला शिकवलं. काकाच्या प्रत्येक तालमीला चहा तिचाच. सगळ्यांची वाक्यं तिला पाठ असायची, पण स्टेजवर तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. त्या वर्षी मावशीचं काम करणारी बाई गावाला गेली, म्हणून काका म्हणाला, "ताई, तूच कर." आत्याने कपाटातून जरीची साडी काढून उन्हात टाकली. इतकी खूश झालेली मी तिला क्वचित पाहिली आहे.

तिला सोपं जावं म्हणून मी एक हुशारी केली. आता प्रत्येक संवाद एका ओळीत होता आणि ओळीच्या सुरुवातीला पात्राचं नाव. नाटकाची प्रत वेगळी काढून ठेवली आणि दुसऱ्या फाइलला ओळी अक्षरक्रमाने लावायची कमांड दिली. नाटकाचा क्रम मोडला, पण ज्याचे त्याचे संवाद एकत्र आले. मावशीच्या ओळींत तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा दिसली, तेव्हा वाटलं, पाठ करायला एकदाच पुरेत. दुबार ओळी काढून टाकायची कमांड दिली.

आत्या शेजारी चष्मा लावून बसलेली. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. "आले आले. चहा घ्या. देवा रे देवा."

"मगे?"

"झालं."

"बाकीचा खंय गेला?"

बाकीचं नव्हतंच. ती पूर्ण नाटकभर ट्रे घेऊन आत-बाहेर करणार होती आणि प्रत्येक वेळी तेच म्हणणार होती. मला जीभ चावावीशी वाटली. आत्याने चष्मा काढला आणि उन्हातली साडी आत आणून घडी घातली.

काका आला तेव्हा तिने शांतपणे सांगितलं, "माका नको तुझा नाटक. चाय घरात काय कमी करतंय मी?"

"अगो ताई, भूमिका छोटी आहे, पण महत्त्वाची आहे."

"महत्त्वाची हा, तर तूच कर."

काका माझ्याकडे वळला. "हिला काय वाचून दाखवलंस?" मी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. अक्षरक्रमात अण्णा सगळ्यांच्या वर. आधी त्याला बरं वाटलं. मग तो खाली खाली जात राहिला आणि अण्णा संपेनात. अण्णा बोलतायत, अण्णा हसतायत, अण्णा टाळ्या घेतायत. शेवटी मावशीच्या तीन ओळींवर येऊन तो थांबला. मग म्हणाला, "हे मशीनने केलंय?"

"मशीनने फक्त क्रम लावला, काका."

त्याने आत्याकडे न बघता विचारलं, "तुला कुठला संवाद पाहिजे?"

"शेवटचो."

शेवटचा म्हणजे चाळ सोडतानाचं अण्णांचं स्वगत, काकाचा जीव की प्राण. त्याचा चेहरा पाहून मला दयाच आली. पण विचारलं त्यानेच होतं. मी मूळ प्रत उघडली. स्वगताच्या पुढचं 'anna' खोडून 'mavshi' लिहिलं. स्वगतानंतरची मावशीची चहाची ओळ डुप्लिकेट केली, तिच्या सुरुवातीच्या 'mavshi'च्या जागी 'anna' लिहिलं आणि कंट्रोल-शिफ्ट धरून वरच्या बाणाने ती एकेक पायरी चढवत स्वगताच्या आधी नेऊन बसवली. म्हणजे शेवटच्या प्रवेशात चहा अण्णा आणणार. काका म्हणाला, "हे कुणी सांगितलं?" आत्या म्हणाली, "मी."

प्रयोगाच्या दिवशी काका ट्रे घेऊन आला. स्टेजवर खोटं काही चालत नाही हा त्याचाच नियम, म्हणून चहा नाक्यावरून आणलेला, वाफाळता. "चहा घ्या," तो म्हणाला. आत्याने कप घेतला, खुर्चीवर टेकली आणि प्यायला लागली. बोलेचना. काका ट्रे धरून उभा. विंगेत मी प्रत घट्ट धरून मनात तिचं पहिलं वाक्य घोकत होते, विसरली बहुतेक, मेले आता. ती एकेक घोट घेत राहिली. कप संपला, तिने तो ट्रेवर ठेवला, पदर सावरला आणि अख्खं स्वगत एकही शब्द न चुकता म्हटलं. बायका रडत होत्या. मीही रडले, आणि काकाला स्टेजवर रडण्याची ओळच नव्हती, तरी तो रडला.

आत आल्यावर मी तिला मिठी मारली. "आत्या, जीव घेतलास माझा. एवढा वेळ का थांबलीस?"

"चाय गरम होती गो," ती म्हणाली. "कोणीतरी हातात आणून दिलेली. टाकतलंय कशी?"