वटारचं जामाचं झाड

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, ऑक्टोबरमध्ये, मी वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पासाठी वटार गावी मैत्रिणीच्या वाडीत गेले. झाडाच्या सालीचा गोल पट्टा काढून काय होतं ते पाहायचं होतं. बाईंनी बजावलं होतं, प्रयोग फांदीवर करा. पण फांदीचे फोटो नीट येईनात, म्हणून मी पांढऱ्या जामाच्या एका तरुण झाडाच्या बुंध्याचीच चार बोटं रुंद साल गोल सोलली. मैत्रिणीचे वडील लांब पडवीत होते. त्यांना मी ‘थोडी साल घेते हं काका’ एवढंच सांगितलं होतं.

महिने गेले, पण पानं हिरवीगार राहिली. पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी खालचं पाणी ओढून घेतं, आणि ते क्षारांसकट आतल्या लाकडातून, झायलेममधून चढतं. लाकडाला मी हात लावला नव्हता. पट्ट्याच्या वर साल फुगली होती. पानांत तयार झालेली साखर सालीतल्या फ्लोएममधून खाली उतरताना तिथे अडली होती. मी खूश होऊन फोटो काढले. त्या वर्षी त्या झाडाचे जाम जास्तच गोड होते. काकांनी पिशवीभर दिले.

एप्रिलमध्ये पानं गळायला लागली.

“बावीचं पानी खारं झालंय, बाय,” काका विहिरीकडे बघत म्हणाले. ते रोज नळावरून कळश्या भरून त्या एका झाडाला घालत होते. साठीचा माणूस, कमरेत वाकलेला. मी बघत उभी राहिले.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मी लिहिलं: साखर न मिळाल्याने मुळं साठवलेल्या अन्नावर काही काळ जगतात, मग मरतात, त्यानंतर पाणी शोषणारं कोणी उरत नाही. लिहिता लिहिता हात थांबला. हे मला ऑक्टोबरमध्येही माहीत होतं. पानं हिरवी होती तोवर मी ते मनावर घेतलं नव्हतं, एवढंच.

निकालात त्या पेपरला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. दुसऱ्या दिवशी मी वटारला गेले. झाडाचं सरपण झालं होतं. काका बाव उपसून गाळ काढत होते, झाड खाऱ्या पाण्यानेच गेलं असं समजून. मी सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

“तेव्हाच बोलली असतीस तर?”

“वरच्या नि खालच्या सालीला काडीने जोडून कलम करता आलं असतं,” मी म्हणाले. “साखर खाली उतरली असती.”

“कलम मला बांधता येतं, बाय,” ते हळूच म्हणाले. “वाडीतली अर्धी झाडं मीच बांधलीत.”

त्यांनी मला चहा दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. मैत्रीण अजून फोन करते. वडिलांबद्दल मी विचारत नाही.