राखाडी अक्षरं

मासळीचे रोजचे भाव दाखवणारं अ‍ॅप मी मालवणात घरी बसून, स्ट्रीमलिट नावाचं प्रोग्रामिंगचं साधन वापरून केलं. रंग ठरवणाऱ्या थीमच्या फाइलीत पार्श्वभूमी काळी, अक्षरं राखाडी ठेवली. लॅपटॉपवर काय देखणं दिसायचं! शेजारचे होडीवाले काका मात्र ते भर उन्हात, किनाऱ्यावर, मोबाइलवर बघायचे.

"माका काय दिसना नाय गो, डोळे गेले माझे," म्हणाले आणि कणकवलीला चष्मा करायला गेले.

तेव्हा कुठे मी अ‍ॅप स्वतः उन्हात उघडून पाहिलं. मलाच एक आकडा वाचता येईना. त्याच दुपारी पार्श्वभूमी पांढरी, अक्षरं काळी आणि मोठी केली.

दुसऱ्या दिवशी काका खूश. "आता लख्ख दिसता! चष्मो बरो गावलो."

खरं सांगायचं सोडून मी निर्लज्जपणे म्हटलं, "तुमका शोभता पण."