‘येते’चं बटण

ऑफिसात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत. नवं ॲप तयार झालं की ते तपासायचं काम तिचं, आणि तिच्या नजरेतून खडा सुटणं कठीण. नाव ऐकून ती नाक मुरडायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

ॲप होतं आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करणाऱ्या बायकांसाठी. कुणाला मदत हवी असली की बाईच्या फोनवर नाव, पत्ता, वेळ यायची आणि तळाशी एकच बटण, ‘येते’. ते दाबलं की काम तिचं. वेळेत नाही दाबलं की सर्व्हरवर नोंद व्हायची, ‘नकार’. बटणावरचा शब्द चाळणीनेच सुचवला होता. तिची थोरली बहीण, ताई, हेच काम करायची आणि कुणाच्याही घरून निघताना ‘येते हं’ म्हणूनच निघायची.

एके दिवशी मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. जुन्या फोनचं ओझं आता पुरे, असं त्याचं म्हणणं. नवी हजेरी चेहऱ्यावरून घ्यायची होती आणि त्यासाठी घेतलेली तयार कोडची लायब्ररी अँड्रॉइड आठच्या खाली चालतच नव्हती. शिवाय जुन्या फोनचे स्क्रीन लहान, पिक्सेलचे ठिपके विरळ. प्रत्येक पान त्यांच्यावर वेगळं बघावं लागे.

“अँड्रॉइड पाच-सहावाले मूठभर उरलेत,” त्याने तक्ता दाखवला. “आणि त्या बायका कामंच घेत नाहीत. नुसता नकार. ज्यांना काम नकोच, त्यांच्यासाठी आपण का जीव आटवायचा?”

चाळणीने तक्ता पाहिला. नकारांचे खांब खरोखरच उंच होते. “सोडूया,” ती म्हणाली. आकडे कशाला खोटं बोलतील, असं तिला वाटलं.

त्या रविवारी ती ताईकडे गेली. ताई घरीच होती, आणि हे हल्ली नेहमीचंच झालं होतं.

“कामं येत नाहीत का गं?”

“येतात की. नाव दिसतं, पत्ता दिसतो. ॲपच्या आधी मी ज्यांच्याकडे जायचे, त्या आजोबांचं तर सारखं यायचं. मी आपली फोन मांडीवर घेऊन बसायचे, म्हटलं आता बोलावतील. नंतर तेही बंद झालं. म्हटलं, वय झालं माझं, कोण विचारतंय.”

“मग दाबलं का नाहीस?”

“काय दाबू?”

चाळणीने फोन हातात घेतला. एके काळी तो तिचाच होता. ऑफिसच्या खणात तपासणीसाठी ठेवलेला फोन अगदी याच मॉडेलचा, अँड्रॉइड सहाचा. स्क्रीनवर नाव होतं, पत्ता होता, वेळ होती, सगळं ठसठशीत, आणि तिथेच स्क्रीन संपत होता. ‘येते’ त्याच्याही खाली गेलं होतं. पान बोटाने वर सरकेना, कारण ते सरकायला लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

अक्षरं तिनेच मोठी करून दिली होती. ताईला नीट दिसेना म्हणून, सेटिंगमध्ये जाऊन, सर्वांत मोठी. ऑफिसच्या फोनवर मात्र अक्षरं फोन खोक्यातून काढला तेव्हा होती तेवढीच राहिली. तिथे बटण दिसलं, आणि चाळणीने शेरा मारला, ‘पास’. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

सोमवारी ती मॅनेजरपुढे उभी राहिली. “पान सरकतं केलं की झालं. त्या नाही म्हणाल्याच नव्हत्या. त्यांना बटणच दिसत नव्हतं.”

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं. “खरं असेल. पण हे पान सुधारलं तरी हजेरी त्या फोनवर चालणार नाही. जुनी आवृत्ती महिनाअखेर सर्व्हरवर बंद होतेय, वर कळवून झालंय.” मग म्हणाला, “आणि सोडूया असं तूही म्हणालीस.”

ती आपल्या जागेवर परत गेली.

महिना संपला. पुढच्या तक्त्यात नकाराचे खांब बसके झाले होते. मॅनेजरने सर्वांचं कौतुक केलं, चाळणीचंही. जुन्या फोनवाल्या बायकांची एकही तक्रार आली नाही. नवी आवृत्ती त्यांच्या फोनवर चढतच नव्हती. आणि तक्रार ॲपमधूनच करायची होती; त्या ती करणार कुठून?

ताईसाठी तिने नवा फोन नेला. ताईने तो हातात घेतला आणि आधी आजोबांच्या घरी लावला. सून बोलली. आजोबा जाऊन बरेच दिवस झाले होते.

“शेवटपर्यंत तुमचीच वाट बघत होते,” सून म्हणाली. “तुम्ही दर वेळी नकार दिलात. आम्ही तरी किती बोलवायचं?”

ताईने फोन खाली ठेवला. “मी कधी नाही म्हटलं गं? निघताना येते म्हणाले होते त्यांना.”

चाळणीने तिला सगळं सांगितलं. अक्षरांचं, बटणाचं, ‘पास’चं, आणि ‘सोडूया’ म्हटल्याचंही. ताई रागावली नाही. “मला दिसावं म्हणूनच केलंस ना,” एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे बघत बसली.

निघायची वेळ झाली. चाळणी दारात चपला घालून उभी राहिली, पण ‘येते’ हा शब्द काही तिच्या तोंडून फुटेना.