हेल्परच्या ओळीतली मिस्त्री

आदिलाबादच्या स्टेशनाजवळ रेल्वेचे क्वार्टर बांधले, त्या कामावर मी आणि माझी आत्या रोज जायचो. मी माल कालवायची, आत्या विटा रचायची. तिनं ओळंबा सोडला की दोरा भिंतीला लागून नीट खाली उतरायचा, आणि ती शेजारच्या पुरुष मिस्त्रीकडे असं बघायची, की बिचारा मान खाली घालायचा. पण आमच्याकडची रीत अशी, की कामावर आलेली बाई म्हणजे हेल्पर. मुकादम रजिस्टरात नाव लिहिताना तिला काय येतं हे विचारतसुद्धा नसे. चाळीस वर्षं ती हेल्परच राहिली. गुडघे गेले होते, हे शेवटचं काम, असं ती म्हणायची. "एकडाव तरी कागदावर मिस्त्री म्हनून लिव्हलं पायजे," एवढीच तिची इच्छा होती.

मी दहावी पास, आणि राग तर नाकावरच. एकदा झेरॉक्सच्या दुकानातून मी मोबाइलवरचा किमान वेतनाचा तक्ता छापून आणला. पहिल्याच रकान्यात आमच्या रोजच्या मजुरीपेक्षा बराच मोठा आकडा होता. मग काय, मी ठेकेदाराच्या मुनशीला सगळ्यांसमोर चोर म्हणाले. तो नुसता हसला. त्या हसण्यानं मी आणखी पेटले आणि आत्याला ओढतच लेबर ऑफिसात घेऊन गेले.

तिथला कारकून आपल्याच भागातला, मराठी बोलणारा. त्यानं सांगितलं, की रेल्वेच्या कामाचा दर केंद्र सरकार ठरवतं, तक्रारही केंद्राच्या लेबर अधिकाऱ्याकडे करायची. मग तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हा 'ए' रकाना हैदराबादसारख्या मोठ्या शहरांचा. 'बी' त्याखालच्या शहरांचा. यादीत ज्याचं नाव नाही ते सगळं 'सी'. आदिलाबाद 'सी'त येतं."

मूळ दर आणि महागाई भत्ता, दोन्ही मिळवून त्यानं आत्याच्या पगाराच्या पावतीशी ताडून बघितलं. भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो, म्हणून पावती कोणत्या महिन्याची, तेही बघितलं. अकुशल कामगाराचा 'सी'तला दर, रुपया न् रुपया बरोबर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुनशी का हसला ते तेव्हा कळलं.

आत्या उठायला लागली. तेवढ्यात कारकुनानं सहज विचारलं, "मावशी, तुमी करता काय?"

"भिंती बांधतो. दुसरं काय करतो?"

"मंग पावतीवर हेल्पर काऊन?"

त्यानं खालचा बारीक मजकूर वाचून दाखवला. अकुशल म्हणजे साधं काम, ज्याला फारसं कसब किंवा अनुभव लागत नाही. कुशल म्हणजे काम करून किंवा शिकून कसब मिळवलेलं, आणि जिथं स्वतःच्या बुद्धीनं ठरवावं लागतं. शाळेतच शिकलं पाहिजे असं त्यात कुठेही नव्हतं. आत्यानं ते त्याला तीनदा वाचायला लावलं. मी आकड्यांशी भांडत बसले होते आणि चूक ओळीत होती: आत्याला कुशलऐवजी अकुशलच्या ओळीत टाकलं होतं.

आम्ही अर्ज पाठवला. काही आठवड्यांनी केंद्राचे लेबर अधिकारी कामावर आले. मुनशी म्हणाला, "साहेब, ती हेल्पर हाय."

अधिकाऱ्यांनी भिंतीकडे बघत विचारलं, "ही कोणी बांधली? कोपरा कुठं वळवायचा, हे तिला कोण सांगतं?"

मुनशीनं मुकादमाकडे बघितलं, मुकादमानं शेजारच्या मिस्त्रीकडे. तो मिस्त्री, ज्याला आत्या रोज मान खाली घालायला लावायची, हळूच म्हणाला, "तिले कोन सांगन साहेब? आमीच तिले इचारतो." त्या माणसाबद्दल मला आजही माया वाटते. नोकरी जाण्याची भीती त्यालाही होतीच.

अधिकाऱ्यांनी आत्याला कुशल ठरवलं आणि मागच्या महिन्यांचा फरक मिळाला. पण आत्यानं बँकेचं पासबुक उघडलंही नाही. नवीन पावती आली तेव्हा तिनं विचारलं, "मिस्त्री कुटं लिव्हलं?" मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला करून आपला सिमेंटानं फुटलेला अंगठा त्या शब्दावर ठेवला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर मला म्हणाली, "मिस्त्रीले हेल्पर लागते. चाल, माल कालव." आणि दुपारी आपली थापी माझ्या हातात दिली.

आत्याला जाऊन चार वर्षं झाली. आता मी भिंती बांधते. दर एप्रिल-ऑक्टोबरला नवा तक्ता बघते, 'सी'चा रकाना, कुशलची ओळ, दोन आकड्यांची बेरीज. माझ्या पावतीवर पहिल्या दिवसापासून मिस्त्री लिहिलेलं आहे. कोणी हरकत घेतली नाही, मला भांडावं लागलं नाही. तरी पावती हातात आली की आधी आकडा बघत नाही. त्या शब्दावर अंगठा ठेवते, आणि दर वेळी डोळे भरून येतात.