काळी मेंदी म्हणजे कलर का?

माझी थोरली बहीण, अक्का, धरणगावला राहते. तिच्या सुनेने वाढदिवसाची भेट म्हणून तिला जळगावच्या एका सलूनमध्ये नेऊन तिचे केस सरळ करून घेतले. या प्रकाराला स्मूदनिंग म्हणतात. आधी एक क्रीम लावून केसांची ठेवण सैल करतात, मग गरम प्रेसने सरळ करून दुसऱ्या औषधाने ती पक्की करतात. दुसरे औषध लावताच अक्काचे डोके गरम झाले. तिने तसे सांगितले. काम करणारी मुलगी म्हणाली, "होतं असं थोडं."

घरी पहिल्यांदा न्हाताना केस ओल्या रबरासारखे ताणले गेले आणि तुटले. कानाच्या वर तर ते बोटभरच उरले. सलूनच्या काउंटरवरून उत्तर आले, "या ना, फ्री स्पा करून देऊ." व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोंवर निळ्या खुणा उमटल्या, पुढे काही नाही. बिलावर मालकिणीचा ईमेल होता. तक्रार लिहून घ्यायला सासू-सून माझ्याकडे आल्या.

सुनेने मोबाइलवर मजकूर तयारच ठेवला होता. त्यातली 'आयुष्य उद्ध्वस्त केले', 'कोर्टात खेचू' ही वाक्ये मी काढली. नंतर विचारले, "त्याआधी केसांना काही लावलं होतं का?"

"त्यांनी विचारलं होतं, कलर केलाय का. आई नाही म्हणाल्या," सून म्हणाली.

"नईच लावेल शे," अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली. "मी फक्त काळी मेंदी लावस. पाकिटनी."

सुनेने मोबाइल मांडीवर ठेवला. "मामा, हे लिहिलं तर पैसे विसरा. म्हणतील, तुम्हीच लपवलं."

"लपवं कसाले?" अक्का चिडली. "मेंदी काय कलर शे का?"

"आई, केस काळे होतात ना त्याने?"

"मंग काजळ लावं तं डोयाले कलर कया म्हनशी का?"

सून हसली, पण क्षणभरच. सलूनमध्ये ती शेजारच्याच खुर्चीत होती. तिलाही मेंदी आठवली नव्हती. आपल्या भेटीने सासूचे केस गेले, हे तिच्या मनातून जात नव्हते. अक्काने तिच्याकडे पाहिले आणि मला म्हणाली, "भाऊ, बठ्ठं लिख. मेंदी बी."

ईमेल असा गेला:

"महोदया, आपल्या सलूनमध्ये स्मूदनिंग करून घेतल्यावर माझे केस मुळापासून चार बोटांवर तुटत आहेत. फोटो व बिल जोडले आहे. केसांना कलर केला आहे का, असे विचारल्यावर मी नाही म्हणाले. मी पाकिटातली काळी मेंदी लावते. आमच्याकडे तिला कलर म्हणत नाहीत. मेंदीबद्दल कोणी विचारले नाही, एखादी बट आधी तपासलीही नाही. डोके गरम झाल्याचे मी त्याच वेळी सांगितले होते. घेतलेले पैसे परत करावेत. केस आणखी तुटणार नाहीत यासाठी जे करता येईल ते आपण स्वतः करावे. पुन्हा कोणतेही औषध लावू नये."

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. मालकीण धुळ्याला असते, तिथेही तिचे सलून आहे. तिने मेंदीचे पाकीट घेऊन जळगावला बोलावले.

तिथे तिने पाकीट वाचले, अक्काची एक बट ओली करून बोटांत ताणली. बट तुटली.

"अक्का, नुसत्या मेंदीने केस लालसर होतात. काळे करायला तिच्यात काहीतरी घालतात. कधी डाय असतो, कधी धातूचे क्षार. क्षार असले तर आमच्या दुसऱ्या औषधाने केस तापतात आणि जळतात. यात काय होतं, हे पाकिटावर पूर्ण लिहिलेलं नाही. म्हणूनच बट तपासायची असते. ती आमच्याकडून राहिली. पैसे परत करते."

"नि केस?" अक्काने विचारले.

"जळलेले केस पुन्हा जुळत नाहीत. लांबी ठेवली तर महिनोन्महिने उशीवर तुकडे सापडतील. कापले तर खालून चांगले येतील. तुम्ही सांगाल तसं."

"आंबाडा व्हई का?"

"वर्षभर तरी नाही."

अक्का आरशात बघत राहिली. सून म्हणाली, "आई, नका कापू. बघू अजून."

"तू बस," अक्का म्हणाली. मग मालकिणीला, "काप."

मालकिणीने स्वतःच कापले, चार बोटे ठेवून. पैसे सुनेच्या खात्यात जमा झाले, कारण दिले तिने होते. जिना उतरताना सून हळूच म्हणाली, "गावात सगळे विचारतील. काय सांगायचं?"

अक्काने पदर डोक्यावर घेतला, मग पुन्हा खाली सोडला.

"सांग, सासूले फॅशन सुचनी."