गुरुवार चारला नको

पेन्सिलताईंचं खरं नाव ऑफिसात फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. वजनकाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्या मालकांच्या भेटीगाठी सांभाळत होत्या. कुणालाही वेळ सुचवली की डायरीत आधी पेन्सिलने लिहायच्या. समोरून होकार आला की मगच त्यावर शाई फिरवायच्या. शिपाई म्हणायचा, "ताईंना देवाने भेटीची वेळ दिली तरी आधी पेन्सिलनेच लिहितील." ताई म्हणायच्या, "मग काय! तो येईलच कशावरून?"

नकार द्यावा तर ताईंनीच. त्यांच्या टेबलावरून रोज पाच-सहा जणांना 'जमणार नाही' जायचं, पण माणूस दुखावून गेला असं सहसा झालं नाही. नकार त्या आधी फोनवर द्यायच्या, पत्र मागाहून. आणि तोही त्याच दिवशी. माणसाला लोंबकळत ठेवण्याचा त्यांना भारी तिटकारा. कारण एकच सांगायच्या आणि तेही खरं. मग दोन वेळा सुचवायच्या, अगदी घड्याळ लावून, आणि उत्तर येईपर्यंत त्या दोन्ही वेळा तिसऱ्या कुणाला देत नसत. "'या की कधीही' म्हणजे 'येऊच नका', एवढं लोकांना कळतं," असं त्या नव्या पोरींना सुनावायच्या.

खऱ्या कारणाचा हट्ट त्यांच्या अंगाशी आलेल्या एका प्रसंगातून आला होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका रंगवाल्या व्यापाऱ्याला "मालक बाहेरगावी गेलेत" अशी लोणकढी थाप मारली. त्याच दुपारी तो दाढी करायला गेला, तर शेजारच्या खुर्चीत तोंडाला फेस फासून मालक! "तुमचं बाहेरगाव बरंच जवळ आहे की," एवढंच तो म्हणाला. मालक हसले, पण ताई घरी जाऊन ढसाढसा रडल्या. तेव्हापासून थाप बंद.

पण गंमत बघा. दुसऱ्यांच्या वेळेसाठी एवढं झुंजणाऱ्या या बाईने स्वतःसाठी कुणालाही एकदासुद्धा 'जमणार नाही' म्हटलं नव्हतं. लग्न केलं नाही, घरी म्हातारे आई-वडील, तरी जादा काम आलं की "बरं, करते" ठरलेलं. आता बोला!

आठ महिन्यांपूर्वी अप्पांना, म्हणजे ताईंच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. हात-पाय बरेचसे सावरले, पण बोलणं गेलं. जन्मभर बसमध्ये कंडक्टर म्हणून "पुढे सरका, पुढे सरका" ओरडणारा माणूस. त्यांना सगळं कळायचं, मनात शब्द असायचा, पण तोंडाशी येऊन अडायचा. मग ते मांडीवर मूठ आपटायचे. इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्याकडे अप्पांची वेळ दर गुरुवारी चारची. घरच्या एकाने सोबत बसलंच पाहिजे, कारण आठवडाभराचा सराव घरीच घ्यायचा. आईला ऐकू कमी येई, तेव्हा ताईच बसायच्या. आणि तिथला नियम कडक: लागोपाठ दोनदा चुकलात की ती वेळ पुढच्या रोग्याला. रांगेत अकरा जण होते.

त्यातली एक वेळ मागच्याच गुरुवारी चुकली होती. धाकट्या साहेबांनी, म्हणजे मालकांच्या मुलाने, ऐनवेळी मीटिंग ठेवली आणि ताई सवयीने "बरं" म्हणून बसल्या. रात्री आठला घरी पोचल्या तर अप्पा इस्त्रीचा सदरा घालून, पायात बूट चढवून दाराशी खुर्चीत बसलेले. आई म्हणाली, "तीनपासून बसलेत. बूट काढू देत नाहीत." ताईंनी खाली बसून बूट काढले. अप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

आणि या सोमवारी दूध डेअरीच्या खरेदीवाल्या साहेबांचा मेल आला. कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ते. काट्यांच्या देखभालीचा करार नवा करायचा, गुरुवारी दुपारी चारला डेअरीवर भेटू, जुन्या दुरुस्त्यांची माहिती असलेल्या ताईंनाही सोबत आणा.

धाकटे साहेब केबिनमधूनच म्हणाले, "ताई, लगेच हो कळवा."

ताई उठून दारात उभ्या राहिल्या. "साहेब, गुरुवारी चारला मी नाही येऊ शकत. वडिलांच्या उपचाराची वेळ आहे. मागची चुकली, ही चुकली तर हातची जाईल."

"अहो, पण डेअरी आहे ती! त्यांना नाही म्हणायचं?"

"वेळेला नाही म्हणायचं. त्यांना कशाला? माझ्यावर सोपवा."

साहेबांनी हात वर केले. "बघा बाई. करार गेला तर मला सांगू नका."

ताई जागेवर आल्या. गेल्या वर्षीची डायरी काढली. शोधत होत्या ते सापडलंच: डेअरीची मागची भेटही चारलाच झाली होती आणि ताईंच्या अक्षरात शेजारी नोंद होती, 'संध्याकाळचे टँकर सुरू, साहेब नऊ वेळा उठले, अर्धंच बोलणं.' सकाळचे टँकर नऊपर्यंत रिकामे होत; मग दुपारपर्यंत काटाही मोकळा आणि माणसंही. ताईंनी शुक्रवार साडेनऊ आणि बुधवार साडेदहा पेन्सिलने लिहिले आणि फोन उचलला.

"नमस्कार साहेब. तुमचा मेल मिळाला, आम्ही वाटच बघत होतो. आधी एक सांगते. गुरुवारी चारला मला जमणार नाही."

"का हो? साहेब बाहेरगावी का?" पलीकडून हसत प्रश्न आला.

किती सोपं होतं! नुसतं 'हो' म्हणायचं. ताईंनी पेन्सिल घट्ट धरली. "नाही. साहेब इथंच आहेत. माझ्या वडिलांचं बोलणं गेलंय. गुरुवारी चारला त्यांना शिकवतात आणि मला सोबत बसावं लागतं."

सव्वीस वर्षांत ताईंनी आपल्या घरचं कारण कुणाला दिलं नव्हतं. कान तापले.

"पण साहेब, भेट लवकर व्हावी असं आम्हालाही वाटतं. बुधवारी साडेदहा किंवा शुक्रवारी साडेनऊ, दोन्ही तुमच्यासाठी राखून ठेवल्यात. शुक्रवार धरलात तर टँकर गेलेले असतील, आमचा मेकॅनिक तुमच्यादेखत मोठा काटा तपासेल. मागच्या वेळी तुम्हाला नऊ वेळा उठावं लागलं होतं."

"मोजलंत की काय?"

"काटेवाल्यांकडे नोकरी करते साहेब. मोजायची सवय."

ते हसले, पण होकार दिला नाही. "बुधवारी सकाळी मी नाही. शुक्रवारचं बघून सांगतो. दुसरेही काटेवाले भेटायचं म्हणतायत, त्यांना गुरुवार चालतोय."

"जरूर बघा. दुरुस्त्यांचा तक्ता उद्याच पाठवते, भेटीआधी नजरेखालून जाईल." ताईंनी फोन ठेवला, बुधवार खोडला आणि बोललेलं सगळं चार ओळींत मेलवर लिहून पाठवलं.

मंगळवारी तक्ता गेला. उत्तर नाही. बुधवारी ताईंनी एकदाच फोन केला, डेअरीचे साहेब जागेवर नव्हते, निरोप ठेवला. गुरुवारी दुपारी दोनपर्यंतही काही नाही, तेव्हा धाकट्या साहेबांचा धीर सुटला. "ताई, चारला येतो म्हणून कळवून टाका. त्या दुसऱ्यांनी घास पळवला तर?"

"साहेब, तुम्हाला जायचं तर जरूर जा. फाइल टेबलावर आहे, खुणा लावल्यात. मी तीनला निघणार."

"आणि करार गेला तर?"

"वाईट वाटेल. मला तुमच्याहून जास्त वाटेल. पण मी तीनला निघणार." आपलाच आवाज एवढा ठाम ऐकून ताईंना नवल वाटलं. तीनच्या ठोक्याला त्यांनी पर्स उचलली. शिपायाने दार उघडून धरलं, तेही कधी नव्हे ते.

अप्पा बूट घालून तयारच होते. डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवून तासभर शब्द काढून घेतले. 'कप' चटकन आला, 'खिडकी'ने घाम फोडला. शेवटी त्या म्हणाल्या, "संध्याकाळी हे दमतात. सकाळी शब्द लवकर येतील. आणि ताई, यांच्या वतीने तुम्ही बोलू नका. थांबा. कितीही वेळ लागला तरी थांबा."

रिक्षात ताईंनी फोन पाहिला. डेअरीचा निरोप होता: 'शुक्रवार साडेनऊ पक्कं. दुसऱ्यांना अकराची वेळ दिलीय. तक्ता फार कामाचा. वडील कसे आहेत?' शेवटचं वाक्य ताईंनी दोनदा वाचलं. धाकट्या साहेबांना कळवलं आणि अप्पांना मोठ्याने सांगितलं, "उद्या सकाळी मी डेअरीवर. जमलं अप्पा!" अप्पांनी मान डोलावली.

घरी पोचून टेकतायत तोच फोन वाजला. अप्पांचा जुना दोस्त, टेलरकाका. ताईंनी आवाज मोठा करून फोन मध्ये ठेवला. "काय रे दोस्ता, पत्ते घेऊन येतो आत्ता! बसू दोन डाव."

असल्या फोनला ताईच उत्तर द्यायच्या. आताही त्यांनी तोंड उघडलं, तोच अप्पांनी पंजा वर केला. ताई थांबल्या.

"आज..." अप्पांच्या कपाळाची शीर फुगली. "आज... नको."

भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. ताईंनी ओठ दाताखाली दाबून धरले.

"दम...लो. पर...वा. सकाळी." मग बराच वेळ काहीच नाही, नुसती मांडीवरची मूठ. पण आज ती आपटली नाही. "दहा. ये."

"अरे!" काकांचा आवाज फुटला. "अरे, बोललास की रे लेका! येतो. परवा दहाला, दहा म्हणजे दहाला!"

आई लांबून विचारत होती, काय झालं, का रडतेस. ताईंनी पर्समधली डायरी काढली, शनिवारचं पान उघडलं आणि सवयीने पेन्सिल टेकवली. अप्पांनी त्यांचा हात धरला, पेन्सिल काढून घेतली आणि टेबलावरच्या पेनाकडे बोट केलं.

"शा...ई," अप्पा म्हणाले.