तीन नंबरच्या मशीनवरची उभी रेघ

बी.ए. झाल्यावर मला लागलेली पहिली नोकरी अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या एका टायपिंग क्लासमधली. एक खोली, पाच कॉम्प्युटर, सकाळी सातपासून बॅचेस. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वडील आनंदनगरच्या कारखान्यात कामाला. त्यामुळे लोक मला मॅडम म्हणतात याचंच सुरुवातीला अप्रूप होतं. संध्याकाळपर्यंत ते संपून जायचं आणि नुसती दुखरी पाठ उरायची.

दुपारी तीनच्या बॅचला एक मुलगी यायची. तिला फार कमी दिसायचं. पडद्याला नाक लावून वाचायची. टायपिंगची सरकारी परीक्षा पास झाली तर क्लार्कच्या जागेला अर्ज करता येणार होता. फॉर्म भरायला आठवडा उरला होता.

मी तिच्यासाठी तीन नंबरच्या मशीनवर सेटिंग्जमधून ॲक्सेसिबिलिटी उघडलं, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं देणारी कॉन्ट्रास्ट थीम लावली, आणि माऊसचा बाण अगदी मोठा केला. ती म्हणाली, "छान दिसतंय, मॅडम." मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचच्या पोरांनी आरडाओरडा केला. "मॅडम, तीन नंबर गेला. सगळं काळं झालंय." "बाण बघ ना, भाला वाटतोय." मी फळ्याकडे होते, तेवढ्यात कुणीतरी सगळं पूर्ववत करून टाकलं. चूक त्यांची नव्हती. पाचही मशीनवर एकच खातं, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. त्यामुळे एका मशीनवर एकानं बदललेलं नंतर त्यावर बसणाऱ्या सगळ्यांना दिसायचं.

मग रोज तेच. तीन वाजता मी लावायचे, सकाळी पोरं काढायची. तिच्या तासातली दहा मिनिटं त्यातच जायची. कधी दुसऱ्या मशीनवर कुणी अडलं की त्याहून जास्त. मला त्याचा कंटाळा आला होता, हे आज कबूल करते. एकदा मी तिला म्हणालेसुद्धा, "थांब गं जरा, मला दोनच हात आहेत."

त्यानंतर ती एक दिवस म्हणाली, "राहू द्या मॅडम. फॉर्म पुढच्या वर्षी भरते."

"का? स्पीड तर येतोय."

"येतो, पण मध्ये थांबले की कुठपर्यंत आले ते सापडत नाही. ती उभी रेघ लुकलुकते ना, ती दिसतच नाही. आणि बाण येतो नेमका अक्षरांवर."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज एवढं करता. वर आणि काय सांगायचं?"

शाळेत मला मिळालेल्या जुन्या पुस्तकांतली पानं फाटलेली असायची, तेव्हा मीही बाईंना असंच काही सांगितलं नव्हतं. ज्यांचे उपकार असतात त्यांच्याकडे तक्रार करायची नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि मीही तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला नक्की काय दिसत नाही म्हणून.

क्लासचे मालक उल्हासनगरहून संध्याकाळी यायचे. त्यांना सांगितलं, तीन नंबरवर तिचं वेगळं खातं उघडू द्या.

"मॅडम, एक लडकी के लिए एक मशीन? बाकी बच्चे क्या करेंगे?"

"मशीन सगळ्यांचंच राहील, शेठ. ती स्वतःच्या नावानं आत जाईल, तिचे रंग तिथेच राहतील. ती बाहेर पडली की पोरांना त्यांचं नेहमीचं दिसेल."

"इतना ही? तो पहले बोलना था ना." त्यांनी ॲडमिनचा पासवर्ड स्वतः टाकला. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. रोज लावून देण्याच्या थकव्यात विचार करायचंच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी माऊस तिच्या हातात दिला. बाण तिनं मी लावायचे त्याच्या निम्म्यावर आणला. मग मी टेक्स्ट कर्सरचं पान उघडून दिलं. तिथे तिनं उभी रेघ जाड केली आणि तिच्या वर-खाली दिसणारी रंगीत खूण चालू केली. रंग पिवळा. दोन ओळी टाइप केल्या, मुद्दाम थांबली, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बोट ठेवलं ते बरोबर जागेवर.

"सापडली," ती म्हणाली.

"परीक्षेच्या केंद्रावर हे खातं नसणार," मी सांगितलं. "आधी जाऊन विचारावं लागेल, लावू देतात का ते."

"मग मला इथे रोज पुसून पुन्हा लावू द्या. माझं मीच. पाठ झालं पाहिजे."

तिनं सगळं काढून टाकलं आणि पहिल्यापासून लावायला घेतलं. मी चार नंबरच्या मुलाकडे गेले. तास संपल्यावर ती फॉर्म घेऊन टेबलाशी आली. तिला रकाने दिसत नव्हते, म्हणून ती सांगत गेली आणि मी भरत गेले.